जीएफपीच्या चमकेवरून प्रमोटरचा वेग कसा काढायचा

रिपोर्टर जनुकाची कल्पना पाच मिनिटांत समजते. ज्या प्रमोटरबद्दल प्रश्न आहे त्याच्या पुढे जीएफपीसारख्या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाचं जनुक जोडायचं आणि पेशी किती चमकते ते पाहायचं. प्रमोटर जोरात चालला की चमक जास्त, थंड पडला की कमी. गडबड होते ती या दुसऱ्या वाक्यात. पेशीत आत्ता किती जीएफपी आहे, हे चमक सांगते. प्रमोटर आत्ता किती वेगाने चालतोय, हा वेगळा प्रश्न आहे. टाकीत किती पाणी आहे एवढं पाहून नळाला किती धार आहे ते कळत नाही, तसंच हे. पहिल्यांदा हे काम हाती घेणाऱ्याने एवढा फरक नीट धरला, तर पुढच्या बहुतेक पायऱ्या का करायच्या ते आपोआप कळतं.

इथे मी एकच प्रयोग सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेतो: ई. कोलाय जिवाणूतला लॅक प्रमोटर, त्याच्यापुढे जीएफपी आणि मोजायला ९६ खळग्यांची प्लेट. ल्युसिफरेज हे काजव्याचं प्रकाश देणारं एन्झाइम कधी घ्यायचं, ते शेवटी पाहू.

आधी प्रथिनाची ओळख

जीएफपी हे एक्वोरिया व्हिक्टोरिया या जेलीफिशमधलं २३८ अमिनो आम्लांचं प्रथिन. १९६२ मध्ये ओसामु शिमोमुरा यांनी ते वेगळं काढलं आणि १९९४ मध्ये मार्टिन चाल्फी यांच्या गटाने त्याचं जनुक ई. कोलायमध्ये आणि सी. एलेगन्स या सूत्रकृमीत घालून दाखवलं. त्या कामाचं खरं मोल असं की चमकण्यासाठी जेलीफिशमधलं दुसरं कुठलंही एन्झाइम लागलं नाही. साखळीतली ६५, ६६ आणि ६७ क्रमांकाची तीन अमिनो आम्लं आपापसात जुळून रंगकेंद्र तयार करतात. बाहेरून लागतो तो फक्त ऑक्सिजन. हा ऑक्सिजन लक्षात ठेवा, प्लेटमध्ये तो आडवा येतो.

मूळ प्रथिन या कामाला फारसं सोयीचं नाही. ते सावकाश तयार होतं आणि निळ्या प्रकाशात मंद दिसतं. म्हणून सुधारित रूपं वापरतात. जिवाणूंसाठी जीएफपी-म्यूट२ हे रूप चांगलं. ते ४८५ नॅनोमीटरच्या आसपासचा निळा प्रकाश घेऊन ५०७ च्या आसपास हिरवा देतं आणि काही मिनिटांत पक्व होतं. ई. कोलायच्या आत ते जवळपास मोडतच नाही. या टिकाऊपणाचा फायदा आहे आणि तोटाही. दोन्ही पुढे येतील.

पायरी १: प्रमोटरचा तुकडा आणि प्लास्मिड

उरी अलोन यांच्या गटाने २००६ मध्ये ई. कोलायच्या सुमारे २,००० प्रमोटरांचा रिपोर्टर संच प्रसिद्ध केला. त्यासाठी वापरलेलं pUA66 हे प्लास्मिड नवख्यासाठी उत्तम नमुना आहे. त्यात कॅनामायसिन प्रतिरोध आहे, प्रमोटर बसवायला जागा आहे, त्यानंतर रायबोसोम बसण्याची ठरलेली जागा आणि मग जीएफपी-म्यूट२.

रायबोसोमची जागा प्लास्मिडचीच असणं महत्त्वाचं आहे. तुमच्या तुकड्याने ठरवायचं ते फक्त आरएनए किती बनतो एवढंच. त्या आरएनएपासून प्रथिन किती बनेल, हे सगळ्या प्रमोटरांसाठी साधारण सारखं राहतं. तुकड्यासोबत मूळ जनुकाचं सुरुवातीचं टोकही जीएफपीला सांधलं, तर प्रमोटर आणि भाषांतर दोन्हींचा परिणाम एकाच आकड्यात मिसळतो, आणि नंतर ते वेगळे करता येत नाहीत.

तुकडा किती लांब घ्यावा? दोन जनुकांमधली पूर्ण मोकळी जागा घ्या आणि दोन्ही बाजूंच्या जनुकांत ५० ते १५० बेस आत शिरा. नियंत्रक प्रथिनांच्या जागा बऱ्याचदा वाटतं त्यापेक्षा दूर असतात. कंजूषपणाने ८० बेसचा तुकडा घेतला, तर प्रमोटर चालेल, पण त्याला थांबवणारी जागाच बाहेर राहून जाईल. जोडणी झाल्यावर सीक्वेन्सिंग करून दिशा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. उलटा बसलेला तुकडाही थोडीफार चमक देतो, आणि ती पाहून माणूस फसतो.

प्लास्मिडच्या प्रतींबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण लॅक प्रमोटरच्या बाबतीत इथेच घसरायला होतं. लॅक प्रमोटरवर बसून त्याला बंद ठेवणाऱ्या रिप्रेसरचे पेशीत अवघे दहाएक रेणू असतात. प्रत्येक प्लास्मिडवर त्याला बसायची जागा आहे. पीयूसी जातीचं, पेशीत शेकडो प्रती असणारं प्लास्मिड घेतलं, तर एवढ्या जागा व्यापायला रिप्रेसर पुरणारच नाही. मग रिप्रेसरला बाजूला करणारं आयपीटीजी हे रसायन न घालताच प्रमोटर उघडा दिसेल. जो बिघाड तुम्ही प्रमोटरमध्ये शोधाल, तो तुमच्याच मोजमापाच्या साधनाने केलेला असेल. pUA66 मध्ये एससी१०१ जातीचं कमी प्रतींचं मूळ आहे, पेशीत साधारण पाच ते दहा प्रती. त्यामुळे हा त्रास बराच कमी होतो, पण पूर्ण जात नाही. म्हणून आयपीटीजीशिवायची पायाभूत चमक कायम नोंदवून ठेवा.

पायरी २: सोबत काय काय वाढवायचं

प्रयोगाच्या जिवाणूसोबत दोन जोडीदार हवेतच. पहिला म्हणजे तेच प्लास्मिड, जीएफपीसकट, पण प्रमोटर नसलेलं. याला पुढे ‘रिकामं प्लास्मिड’ म्हणतो. दुसरा म्हणजे जिवाणू नसलेलं नुसतं माध्यम. जमलं तर तिसराही घ्या: कायम चालू राहणारा एखादा साधा प्रमोटर. त्याचा उपयोग हिशेबात दिसेल.

रिकामं प्लास्मिड का लागतं, ते मी स्वतः अनुभवून शिकलो. माझ्या पहिल्या प्लेटमध्ये मी जिवाणू एलबी या नेहमीच्या माध्यमात वाढवले होते, कारण एलबी फ्रिजमध्ये तयार होतं. जोडीदार म्हणून फक्त माध्यम ठेवलं होतं. सकाळी आलेख पाहिला तर चमक सुरेख चढलेली. दोन आठवडे मी तो आलेख सगळ्यांना दाखवत होतो. मग एका सिनियर ताईने विचारलं, “रिकाम्या प्लास्मिडचा आलेख कुठाय?” तो करून पाहिला तर दोन्ही रेषा जवळजवळ एकावर एक. एलबीतला यीस्टचा अर्क पिवळसर असतो. त्यातली फ्लेविन द्रव्यं निळ्या प्रकाशात हिरवंच चमकतात. पेशींतही स्वतःचं फ्लेविन असतं, आणि पेशी वाढल्या की तेही वाढतं. माझ्या चढत्या रेषेत प्रमोटरचा वाटा अगदी किरकोळ होता.

तेव्हापासून चमक मोजायची असेल तर एम९ हेच माध्यम घेतो. क्षार, थोडं मॅग्नेशियम, थोडं कॅल्शियम आणि कार्बनचा एकच स्रोत. ते पारदर्शक असतं, आणि त्यात काय आहे ते आपल्याला पूर्ण माहीत असतं.

पायरी ३: प्लेट लावणं

आदल्या संध्याकाळी एका वसाहतीपासून एम९मध्ये, मिलिलीटरमागे ५० मायक्रोग्रॅम कॅनामायसिन घालून, ३७ अंशांवर शेकरमध्ये वाढवायला ठेवा. सकाळी ते ताज्या माध्यमात किमान १०० पट, शक्यतो ५०० पट पातळ करा. रात्रभरात साठलेलं जीएफपी मोडत नाही. ते प्रत्येक विभाजनात निम्मं निम्मं वाटलं जाऊनच कमी होतं. पुरेसं पातळ केलं नाही, तर सकाळच्या आकड्यांत कालच्या रात्रीचा प्रमोटर बोलत राहतो.

प्लेट काळ्या भिंतींची आणि पारदर्शक तळाची घ्या. काळ्या भिंतीमुळे शेजारच्या खळग्याचा उजेड येत नाही आणि पारदर्शक तळामुळे गढूळपणा, म्हणजे ६०० नॅनोमीटरवरचा ओडी, मोजता येतो. खळग्यात १५० मायक्रोलीटर कल्चर आणि वर १०० मायक्रोलीटरच्या आसपास मिनरल ऑइल. तेलामुळे बाष्पीभवन थांबतं, पण ऑक्सिजन आत जात राहतो. तेल घालायचं नसेल तर कडेच्या ओळींत नुसतं पाणी भरा. कडेचे खळगे आधी सुकतात, आणि सुकलेल्या खळग्यात ओडी आणि चमक दोन्ही खोटीच चढतात.

प्रत्येक स्थितीचे किमान तीन खळगे घ्या, आणि ते प्लेटवर विखरून ठेवा. हीच प्लेट वेगळ्या दिवशी, वेगळ्या वसाहतींपासून परत लावा. एकाच कल्चरचे तीन खळगे तुमचं पिपेट किती स्थिर आहे एवढंच सांगतात.

यंत्र ३७ अंशांवर, मोजमापांच्या मधे हलवत ठेवा. दर ८ ते १० मिनिटांनी आधी ओडी, मग चमक मोजू द्या. चमकेसाठी ४८५ वर प्रकाश आणि ५२८ वर वाचन ही फिल्टरांची जोडी नेहमीची. चमक वाचण्याची संवेदनशीलता, म्हणजे गेन, एकदा ठरवून हाताने पक्की करा. यंत्रावर आपोआप सोडली तर ती दर प्लेटला बदलते आणि सोमवारचे आकडे गुरुवारच्या आकड्यांशी जुळत नाहीत. गेन ठरवताना सर्वात जास्त चमकणारा खळगा मोजणीच्या शेवटी कुठे जाईल याचा अंदाज ठेवा. पडद्यावर `OVRFLW` आलं की त्यापुढची माहिती गेलीच.

पायरी ४: चमकेपासून वेगापर्यंत

प्रमोटरचा वेग, पेशींच्या संख्येमागे, असा लिहितात:

```
PA = (dGFP/dt) / OD
```

म्हणजे दर मिनिटाला नवीन किती चमक आली, भागिले पेशी किती होत्या. जीएफपी मोडत नसल्याने जी वाढ झाली ती सगळी नवीन. टिकाऊपणाचा फायदा तो हाच. वजाबाकी आधी करायची: ओडीतून माध्यमाचा ओडी, आणि चमकेतून रिकाम्या प्लास्मिडची चमक. मात्र ही दुसरी वजाबाकी त्याच *वेळेला* केली तर चुकते. दोन कल्चर वेगवेगळ्या वेगाने वाढत असतील, तर त्या क्षणी पेशींची संख्या सारखी नसते. *त्याच ओडीला* रिकामं प्लास्मिड किती चमकतं, ते वजा करायचं.

```python
import numpy as np

od       = od_raw - od_blank
od_empty = od_empty_raw - od_blank
gfp      = gfp_raw - np.interp(od, od_empty, gfp_empty)
pa       = np.gradient(gfp, t) / od
```

`np.interp` ला `od_empty` चढत्या क्रमाने लागतो, म्हणून वाढीचा सरळ भागच घ्या. उतार काढताना लहानसहान थरथर खूप मोठी होते. पाच-सात बिंदूंची सरासरी घेऊन मग उतार काढा. आणि ओडी अगदी कमी असताना आलेख वेडावाकडा उसळतो, कारण लहान आकड्याने भागतोय. तो भाग काढून टाका. तिथे जीवशास्त्र काही घडत नसतं.

कल्चर स्थिर वेगाने वाढत असेल, तर एक सोपा मार्ग आहे. तेव्हा पेशीमागची चमक एका आकड्यावर टिकून असते, आणि वेग म्हणजे तो आकडा गुणिले वाढीचा दर. वाढीचा दर म्हणजे ०.६९३ भागिले दुप्पट व्हायला लागणारा वेळ.

आता हिशेब करून पाहू. आकडे गणितासाठी गोल घेतले आहेत. दोन्ही कल्चरमध्ये १ मिलिमोलर आयपीटीजी आहे, म्हणजे रिप्रेसर बाजूला झालेला. एकात ग्लुकोज, दुसऱ्यात ग्लिसरॉल. ग्लुकोजवर पेशी ६० मिनिटांत दुप्पट होतात आणि पेशीमागची चमक ४,००० वर टिकते. ग्लिसरॉलवर दुप्पट व्हायला १२० मिनिटं लागतात आणि चमक २४,००० वर टिकते.

नुसती चमक पाहणारा म्हणेल, ग्लिसरॉलवर प्रमोटर सहा पट जोरात आहे. वाढीचा दर लावून पाहा. ग्लुकोजवर ०.६९३ दर तासाला, म्हणून वेग ४,००० × ०.६९३, सुमारे २,७७०. ग्लिसरॉलवर ०.३४७, म्हणून २४,००० × ०.३४७, सुमारे ८,३३०. फरक तीन पटींचा. उरलेली दुप्पट कुठून आली? ग्लिसरॉलवर पेशी सावकाश विभागतात, त्यामुळे बनलेलं जीएफपी सावकाश पातळ होतं आणि साठत जातं. कायम चालू राहणारा तो तिसरा जोडीदार इथे कामाला येतो. त्याचा वेग दोन्हीकडे सारखा असेल, तर त्याचीही चमक ग्लिसरॉलवर दुप्पट दिसेल. मग ही दुप्पट लॅक प्रमोटरची नव्हे, हे डोळ्यांना दिसतं. तीन पटींचा फरक मात्र खरा. ग्लुकोज असताना सायक्लिक एएमपी कमी असतं, आणि त्याला धरून प्रमोटरला जोर देणारं सीआरपी हे प्रथिन नीट काम करत नाही.

औषधाचे किंवा ताणाचे प्रयोग करणाऱ्यांनी हा हिशेब विशेष ध्यानात ठेवावा. वाढ मंदावणारी कुठलीही गोष्ट घातली की स्थिर जीएफपीची पेशीमागची चमक वाढते. प्रमोटरने काहीही केलेलं नसलं तरी.

बंद होणारा प्रमोटर

आयपीटीजी धुऊन काढलं तर लॅक प्रमोटर काही मिनिटांत बंद होतो. चमक मात्र टिकून राहते. ६० मिनिटांत दुप्पट होणाऱ्या कल्चरमध्ये पेशीमागची चमक तासाभराने निम्मी, दोन तासांनी पाव. हा उतार प्रमोटरचा नाही, विभाजनाचा आहे. वरच्या सूत्राने काढलेला वेग लगेच शून्याकडे जातो, म्हणून वाढत्या जिवाणूंत टिकाऊ जीएफपीवरही भागतं. पेशी विभागत नसतील तर तसं भागत नाही. तिथे जुनी चमक हटतच नाही आणि तिच्या ढिगावर नवी थोडीशी भर दिसेनाशी होते. जीएफपीच्या टोकाला विघटनाची खूण जोडलेली कमी आयुष्याची रूपं मिळतात, पण त्यांची चमकही कमी. दुबळ्या प्रमोटरला ती परवडत नाहीत.

दाट झालेल्या कल्चरमध्ये आणखी एक फसवं दृश्य दिसतं. ओडी चढतोय आणि वेग एकदम कोसळतो. प्रमोटर बंद झाला असेल, किंवा खळग्यातला ऑक्सिजन संपून नवं जीएफपी पक्वच होत नसेल. तो खळगा चांगला हवेशीर हलवून पुन्हा वाचा. नवीन प्रथिन बनण्याइतका वेळ न जाताच चमक वर उडी मारत असेल, तर प्रथिन बनून बसलं होतं आणि फक्त ऑक्सिजनची वाट पाहत होतं.

ल्युसिफरेज कधी घ्यावं

प्रमोटर दुबळा असेल, किंवा मानवी पेशी वापरायच्या असतील, तर मी ल्युसिफरेजकडे वळतो. नेहमीचं ल्युसिफरेज फोटिनस पायरालिस या उत्तर अमेरिकेतल्या काजव्याचं. भंडारदऱ्याला मे-जूनमध्ये झाडं उजळवणारे काजवे वेगळ्या जातींचे, पण रसायन तेच: ल्युसिफेरिन, एटीपी आणि ऑक्सिजन. बाहेरून प्रकाश टाकावा लागत नसल्याने पार्श्वभूमीची चमक जवळपास नसतेच. शिवाय सस्तन पेशींत या प्रथिनाचं अर्धआयुष्य सुमारे तीन तास आहे, तर साध्या जीएफपीचं दिवसाच्या आसपास. म्हणून प्रमोटर बंद झाल्याचंही लवकर दिसतं. प्लेट इथे पांढऱ्या भिंतींची लागते.

अडचण वेगळीच येते. एचईके२९३ पेशींत प्लास्मिड घातलं की प्रत्येक खळग्यात ते सारखं शिरत नाही. त्यावर उपाय म्हणून रेनिला नावाच्या सागरी प्राण्याचं दुसरं ल्युसिफरेज, कायम चालू प्रमोटरखाली, सोबत घालतात. त्याला सीलेंटेराझिन हे वेगळं द्रव्य लागतं, म्हणून दोन्ही एकापाठोपाठ मोजता येतात. समजा तीन खळग्यांत काजव्याचे आकडे ८४,०००, ५०,४०० आणि ६७,२०० आले, आणि रेनिलाचे २,१००, १,२६० आणि १,६८०. वरवर पाहता खळगे एकमेकांशी जुळत नाहीत. भागाकार केला की तिन्हीकडे ४०. सगळा फरक प्लास्मिड किती शिरलं याचा होता.

या भागाकारावर विसंबण्याआधी नुसते रेनिलाचे आकडे पाहा. औषध घातलेल्या खळग्यांत ते सगळीकडे एकसारखे घसरले असतील, तर औषध रेनिलाच्या प्रमोटरवरही परिणाम करतंय किंवा पेशी मरताहेत, आणि गुणोत्तर उगाच फुगलंय. रेनिलाचं प्लास्मिड काजव्याच्या दहावा हिस्सा किंवा त्याहून कमी घ्या, नाहीतर त्याचा जोरदार प्रमोटर पेशीची यंत्रणा स्वतःकडे ओढतो.

नेहमीच्या दुहेरी मोजणीत पेशी फोडाव्या लागतात, म्हणजे एका खळग्यातून एकच वेळ मिळते. जिवंत पेशींत तासन्‌तास पाहायचं असेल, तर माध्यमातच डी-ल्युसिफेरिन घालून फक्त काजव्याचं ल्युसिफरेज मोजतात. तिथे प्रकाश पेशीतल्या एटीपीवरही अवलंबून असतो, हे विसरू नका.

आणि रसायनांची चाळणी करत असाल तर एक उदाहरण माहीत असू द्या. पीटीसी१२४ हे औषध काजव्याच्या ल्युसिफरेजवर चालणाऱ्या चाचणीतून निवडलं गेलं. २००९ मध्ये दाखवण्यात आलं की ते त्या एन्झाइमलाच चिकटतं आणि त्याला मोडण्यापासून वाचवतं. एन्झाइम साठलं की प्रकाश वाढतो, जनुकाच्या बाजूने काहीच न बदलता. म्हणून ल्युसिफरेजवर मिळालेला प्रत्येक परिणाम जीएफपीसारख्या असंबंधित रिपोर्टरवर परत करा. आणि शेवटी मूळ जनुकाचा आरएनए क्यूपीसीआरने मोजा, कारण प्लास्मिडवरच्या तुकड्याला गुणसूत्रातलं त्याचं मूळ शेजार मिळालेलं नसतं.